शारजात सोनं उतरलं, मग चिपळुणात का नाही? डॉलरचा हिशेब कोणी समजावेल का?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. वैशाखात लेकीचं लग्न आहे. पाटल्या, मंगळसूत्र आणि जमलं तर ठुशी करायची आहे. माझा मोठा भाऊ शारजाला असतो. परवा त्याचा फोन आला, "डॉलर वधारलाय, सोनं चांगलंच उतरलंय, आता थांबू नकोस." लगेच बाजारपेठेत आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेले, तर भाव जवळजवळ होता तिथेच. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, डॉलर महाग झाला ना, मग आपल्याकडे कसा उतरेल?"

म्हणजे दादा म्हणतो डॉलरमुळे सोनं स्वस्त झालं आणि सराफ म्हणतात डॉलरमुळेच ते स्वस्त झालं नाही. कारण एकच आणि निष्कर्ष उलटे. मला अर्थशास्त्रातलं काही कळत नाही. कोणी अगदी सुरुवातीपासून सांगेल का? दोघांपैकी बरोबर कोण?

खाडीपलीकडे (अलिबाग)
तुमचे दादा बरोबर आहेत. डॉलर वर गेला की सोनं खाली येतं, हा जगाचा नियम आहे. मी रोज सकाळी डॉलर इंडेक्स बघतो, म्हणजे जगातल्या मोठ्या चलनांपुढे डॉलर किती बळकट आहे ते सांगणारा आकडा. तो चढला की सोन्याचा आलेख उतरलेला असतो. सराफ भाव उतरवायला नेहमीच वेळ लावतात, चढवायला मात्र एक दिवस पुरतो.

पेढीवरून (रत्नागिरी)
आमची तिसरी पिढी याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. भाव आम्ही ठरवत नाही हो. सकाळी दुकान उघडायच्या आधीच मुंबईचा भाव मोबाईलवर आलेला असतो, वायद्याचा भाव दिवसभर हलत असतो, आणि ज्यांच्याकडून आम्ही माल उचलतो ते त्या क्षणाच्या भावानेच बिल करतात. सकाळी स्वस्त घेऊन दुपारी महाग विकण्याइतका माल आमच्यासारख्या पेढीकडे पडूनही नसतो. ताईंच्या सराफांनी सांगितलं ते खरं आहे. सोनं जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. डॉलरला जास्त रुपये पडले की तेवढंच सोनं महाग पडतं.

बाणकोट_टू_बर दुबई
मूळचा मंडणगड तालुक्यातला, बरीच वर्षं दुबईत. इकडची एक गोष्ट सांगतो, त्यावरून ताईंना दादांचं म्हणणं कळेल. दिरहम हा डॉलरला बांधलेला आहे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, १९९७ पासून हा आकडा हललेला नाही. सौदीचा रियाल ३.७५ ला बांधलेला. त्यामुळे इथे डॉलर महाग होणं किंवा स्वस्त होणं हा प्रकार आम्हाला जाणवतच नाही. सोनं डॉलरमध्ये पाच टक्के उतरलं की इथल्या दुकानाच्या फलकावरही बरोबर पाच टक्के उतरतं.

दाभोळबंदर (गुहागर)
मुंबईत एका बँकेच्या सोने आयात विभागात नोकरीची बरीच वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वाशिष्ठीकाठ ताई, दादा आणि सराफ दोघंही खरं सांगतायत, पण दोघंही अर्धंच सांगतायत. दादांना दिसतो तो सोन्याचा डॉलरमधला भाव. सराफांना दिसतो तो डॉलरचा रुपयातला भाव. चिपळूणचा भाव या दोघांच्या गुणाकारातून येतो, आणि डॉलर बळकट झाला की यातला एक आकडा सहसा खाली जातो नि दुसरा वर. कोण किती सरकला त्यावर बेरीज ठरते.

जगात सोन्याचा भाव एका औंसाला इतके डॉलर असा सांगतात. हा औंस सोन्याचांदीचा, ३१.१०३५ ग्रॅमचा, वाणसामानाचा २८ ग्रॅमवाला नव्हे. लंडनमध्ये रोज दोनदा, तिथल्या साडेदहाला आणि दुपारी तीनला, तो भाव ठरतो आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात दिवसभर हलत राहतो. त्याला ३१.१०३५ ने भागा, दहाने गुणा, मग डॉलरच्या रुपयांनी गुणा, की दहा ग्रॅमचा बिनकराचा भाव आला. त्यावर आयात शुल्क. जीएसटी मी खालच्या हिशेबात धरत नाही.

आता खरं उदाहरण घेऊ. २०२२ साल यासाठी फार चांगलं आहे, कारण त्या वर्षी डॉलर वीस वर्षांत नव्हता इतका चढला होता.

मार्च २०२२ मध्ये, युक्रेनचं युद्ध नुकतं पेटलेलं असताना, सोनं औंसाला साधारण २०४० डॉलर होतं आणि डॉलर ७७ रुपयांच्या आसपास. २०४० भागिले ३१.१०३५, गुणिले १०, म्हणजे दहा ग्रॅमला ६५५.९ डॉलर. गुणिले ७७, म्हणजे ५०,५०० रुपये. तेव्हाचं १०.७५ टक्के शुल्क धरून सुमारे ५५,९३०.

सप्टेंबरअखेर सोनं १६५० डॉलरपर्यंत उतरलं होतं, डॉलर साडेएक्याऐंशी रुपयांच्या पुढे गेला होता आणि १ जुलैपासून शुल्क १५ टक्के झालं होतं. ८१.५० धरून तोच हिशेब केला की ४३,२३५ येतात आणि शुल्कासकट ४९,७२०.

दादांच्या फलकावर बघा. मार्चमध्ये ग्रॅमला साधारण २४१ दिरहम, सप्टेंबरात १९५. म्हणजे १९ टक्के घसरण. चिपळुणात ५५,९३० चे ४९,७२०, म्हणजे जेमतेम ११ टक्के.

मधले आठ टक्के कुठे गेले? रुपया ७७ वरच थांबला असता आणि शुल्कही जुनंच असतं, तर सप्टेंबरात भाव ४५,२४० आला असता. रुपया घसरल्याने त्यात सुमारे २,६४० रुपये वाढले. वाढीव शुल्काने आणखी १,८४०. सराफाच्या खिशात यातलं काही गेलं नाही.

हे सगळे हिशेबातले भाव आहेत. बाजारातला प्रत्यक्ष भाव त्याच्या थोडा वरखाली असतो.

खाडीपलीकडे (अलिबाग)
हिशेब पटला. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? डॉलर चढला आणि सोनं उतरलंच. आपल्याकडे कमी उतरलं एवढंच.

दाभोळबंदर (गुहागर)
२०२२ पुरतं आणि रुपयापुरतं, हो. त्याच सहा महिन्यांत जपानी माणसाने काय पाहिलं ते बघा. मार्चच्या सुरुवातीला डॉलरला साधारण ११५ येन पडत होते, सप्टेंबरअखेर १४४ च्या पुढे. तोच भागाकार-गुणाकार येनमध्ये करा, म्हणजे ग्रॅमचा भाव दोन्ही वेळेला साडेसात हजार येनच्या आसपास येतो, सप्टेंबरचा तर किंचित जास्तच. सोनं जगात १९ टक्के पडलं असं वर्तमानपत्रं लिहीत होती आणि टोकियोतल्या गिऱ्हाइकाला ते एक येनही स्वस्त मिळालं नाही. ज्याचं चलन डॉलरपुढे जितकं जास्त घसरतं, त्याच्यापर्यंत ही स्वस्ताई तितकी कमी पोचते. आपलं चलन सोन्याइतकंच घसरलं तर काहीच पोचत नाही, आणि त्याहून जास्त घसरलं तर सोनं उलट महागतं.

आपल्याकडे २०१३ च्या ऑगस्टात हेच झालं होतं. त्या एप्रिलमध्ये सोनं जगात जोरात आपटलं होतं. तरीही ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला, त्याच वर्षी शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेलं होतं, आणि इथले भाव पुन्हा उच्चांकाजवळ जाऊन बसले.

वाशिष्ठीकाठ
दाभोळबंदर, फार आभार. वहीत उतरवून स्वतः आकडे करून बघितले, जमले. पण एक अडलं. डॉलर बळकट झाला की सोनं डॉलरमध्ये उतरतंच का? सोनं तर तेच आहे, तेवढंच आहे.

बाणकोट_टू_बर दुबई
सोप्यात सोपं म्हणजे, मोजायची पट्टीच लांब झाली की कापड आखूड भरतं.

दाभोळबंदर (गुहागर)
ते एक कारण झालं, आणि खरं आहे. त्यात गिऱ्हाइकही आलं. सोनं घेणारे बहुतेक लोक अमेरिकेबाहेरचे, भारतातले, चीनमधले, तुर्कस्तानातले. डॉलर चढला आणि सोन्याचा डॉलरमधला भाव तोच राहिला, तर या सगळ्यांना ते आपोआप महाग पडतं. घेणारे हात आखडतात. विकणाऱ्याला डॉलरमधला भाव थोडा सोडावा लागतो.

दुसरं कारण व्याजाचं, आणि माझ्या मते मोठ्या घसरणीत तेच जास्त जोर करतं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर शून्याला चिकटलेला होता. सप्टेंबरात तो ३ ते ३.२५ टक्के झाला. सोनं कपाटात ठेवलं तर त्याला व्याज येत नाही. तिकडे डॉलर ठेवून बसल्या जागी तीन टक्के मिळायला लागले तर मोठे गुंतवणूकदार सोनं विकून डॉलर घेतात. त्यामुळे एकाच वेळी डॉलर चढतो आणि सोनं उतरतं. डॉलरने सोन्याला ढकललं असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा दोघांनाही व्याजदर हलवत असतो.

म्हणूनच खाडीपलीकडे यांच्या 'जगाचा नियम' या शब्दाला माझी हरकत आहे. २०१० मध्ये ग्रीसच्या कर्जाचं संकट आलं तेव्हा लोक घाबरून डॉलरही घेत होते आणि सोनंही, दोन्ही एकत्र चढले. २०२२ पासून तर अनेक देशांच्या मध्यवर्ती बँका सलग तीन वर्षं दर वर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेत होत्या. रशियाची परदेशातली गंगाजळी गोठवली गेल्यावर त्यांना डॉलरखेरीज काहीतरी हाताशी हवं होतं. असे खरेदीदार व्याजदर बघून थांबत नाहीत.

खाडीपलीकडे (अलिबाग)
२०१० चं मान्य. तरी दहापैकी सात-आठ वेळा इंडेक्सवरून अंदाज बरोबर येतो असा माझा अनुभव आहे. तो बघणं मी सोडणार नाही.

दाभोळबंदर (गुहागर)
सोडू नका, फक्त त्यात काय आहे ते लक्षात ठेवा. त्या इंडेक्समध्ये निम्म्याहून जास्त वजन एकट्या युरोचं आहे, बाकी येन, पौंड, कॅनडाचा डॉलर, स्वीडनचा क्रोना आणि स्विस फ्रँक. रुपया त्यात नाहीच. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत हा इंडेक्स सुमारे दहा टक्के पडला. डिसेंबरात मात्र रुपया डॉलरला ९० च्याही पलीकडे घसरला होता. जगात डॉलर अशक्त, आणि रुपयापुढे बळकट. सोनं त्या वर्षी डॉलरमध्येच सव्वीसशेच्या आसपासवरून चार हजारांच्या पुढे गेलं, त्यात रुपयाची घसरण मिळाली. दहा ग्रॅमने एप्रिलमध्येच लाखाचा आकडा ओलांडला होता. तुम्ही नुसता इंडेक्स बघून बसला असता तर रुपयाचा अर्धा भाग दिसलाच नसता.

कुडाळचो झील
माका एक सांगा. माझा सोना बँकेत तारण असा, शेतीसाठी कर्ज घेतलंय. ह्यो डॉलर वाढलो तर बँकेचो फोन येतलो काय? गेल्या वेळी भाव पडलो तेव्हा "रक्कम भरा नायतर सोना आणून द्या" म्हणून दोनदा बोलावलेलां. तेव्हापासून डॉलरचं नाव काढलां तरी पोटात गोळो येता.

पेढीवरून (रत्नागिरी)
झीला, बँक बघते ती रुपयातला भाव. वर दाभोळबंदरांनी दाखवलं तसं डॉलर चढल्यावर रुपयातला भाव जगाच्या मानाने कमी उतरतो, कधी उतरतही नाही. तुला भीती खरी कधी, तर सोनं जगात पडतंय आणि रुपया मात्र घट्ट उभा आहे तेव्हा. किंवा सरकारने शुल्क एकदम कमी केलं तेव्हा. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात १५ चं ६ टक्के केलं, त्या दिवशी डॉलरने काही केलं नव्हतं, तरी आमच्याकडे भाव काही तासांत हजारोंनी खाली आला. लग्नासाठी आदल्या आठवड्यात घेतलेली माणसं दुकानात येऊन हळहळत होती.

कर्ज काढताना सोन्याच्या किमतीच्या अगदी कडेपर्यंत उचलू नये एवढं माझं सांगणं.

कुडाळचो झील
मी कडेपर्यंतच उचललंय. बघूया.

हापूस_देवगड
माझा प्रश्न वेगळा आहे. हे सगळं वाचून मला वाटतं की आपण बागायतदारांनी जगाचा भाव बघूच नये. आंबा वाशीला जातो, पैसे रुपयात येतात, सोनं रुपयात घ्यायचं. मला १६५० काय आणि २०४० काय.

बाणकोट_टू_बर दुबई
तुमच्यापुरतं बरोबर असेल, पण ताईंचं तसं नाही. लग्नाला दादा पैसे पाठवणार असतील तर त्यांची कमाई दिरहमात आहे, म्हणजे खरं तर डॉलरमध्ये. रुपया घसरला की त्याच दिरहमांचे इकडे जास्त रुपये होतात. सोनं महाग पडतं तेव्हा पाठवलेली रक्कमही फुगलेली असते.

दाभोळबंदर (गुहागर)
हा मुद्दा फार महत्त्वाचा, आणि तो २०२२ च्या आकड्यांवरच तपासू. मार्चमध्ये एका दिरहमाचे साधारण २०.९७ रुपये मिळत होते, सप्टेंबरअखेर २२.१९. चिपळूणचे ५५,९३० म्हणजे तेव्हा २,६६८ दिरहम. ४९,७२० म्हणजे २,२४० दिरहम. म्हणजे शारजात कमावून चिपळुणात सोनं घेणाऱ्याला ते १६ टक्के स्वस्त झालं होतं. उरलेले तीन टक्के वाढीव शुल्काने खाल्ले. देवगडच्या बागायतदाराला तेच दुकान, तोच दिवस, ११ टक्के.

तेव्हा ताई, भाव उतरला का, याचं उत्तर तुमच्या घरात पैसा कुठल्या चलनात येतो त्यावर आहे. खर्च दादा करणार असतील तर दिरहमात मोजा. तुम्ही स्वतःच्या ठेवीतून करणार असाल तर रुपयात.

देवगडकरांना एवढंच म्हणेन की जगाचा भाव बघितला नाही तरी तो तुमच्या रुपयात शिरतोच. बघितला तर निदान कळतं की आजची चढण सोन्याची आहे की रुपयाच्या घसरणीची.

हापूस_देवगड
कळून तरी काय करणार? भाव तर तोच द्यायचाय.

वाशिष्ठीकाठ
अर्धा खर्च दादाचा, अर्धा आमचा. आज दोन्हीकडचे आकडे समोर ठेवले तेव्हा एक लक्षात आलं. दादाने फलकाचा जो फोटो पाठवला होता त्यात चार ओळी आहेत, २४, २२, २१ आणि १८, आणि त्याने मला २२ ची ओळ वाचून दाखवली होती, एका ग्रॅमची. आमच्या सराफांनी सांगितलेला भाव २४ कॅरेटच्या दहा ग्रॅमचा, तोही जीएसटी धरून. म्हणजे मी दोन वेगळ्याच गोष्टी शेजारी ठेवून बघत होते.

पेढीवरून (रत्नागिरी)
हे रोज होतं. तुलना करायची तर दोन्हीकडचा २४ चा भाव घ्या, दोन्ही ग्रॅमवर आणा आणि कर बाजूला काढा. २२ चा भाव लागला तर २४ च्या भावाला २२ ने गुणून २४ ने भागा, साधारण तेवढाच यायला हवा. तोळा कोणी म्हणालं तर दहा ग्रॅम की जुना ११.६६ ग्रॅमचा, ते विचारून घ्या. एवढं करूनही फरक राहतो तो आयात शुल्काचा, आणि शुल्क सरकार दर पंधरवड्याला जाहीर करतं त्या मूल्यावर लागतं. भाव झपाट्याने हलत असेल तर रोजच्या हिशेबाशी ते अगदी जुळत नाही.

आणि एक. भाव एकाएकी चढला की गिऱ्हाईक थांबतं, उलट जुनं सोनं मोडायला येतं. तेव्हा इथला बाजार हिशेबापेक्षा खाली असतो. दिवाळीला, लग्नसराईत उलट.

बाणकोट_टू_बर दुबई
मग दादांनी इकडूनच पाटल्या आणल्या तर? प्रवाशाला थोडं सोनं बिनशुल्क आणता येतं. नियम बदलत असतात, ते निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर बघून घ्यायचे आणि बिल जवळ ठेवायचं.

पेढीवरून (रत्नागिरी)
आणता येईल, पण घडणावळ दोन्हीकडची विचारा. शुल्कात वाचलेलं घडणावळीत गेलेलं मी पाहिलंय. शिवाय आपल्याकडच्या घडणीची ठुशी तिकडे मनासारखी मिळत नाही, आणि उद्या मोडायची वेळ आली तर हॉलमार्क नसलेल्या दागिन्याला आधी तपासावं लागतं.

बाणकोट_टू_बर दुबई
पाटल्यांना घडणावळ फारशी कुठे असते? साध्या पाटल्या इकडूनच परवडतात असं माझं ठाम मत आहे.

पेढीवरून (रत्नागिरी)
आधी आजचं आयात शुल्क किती ते बघा. ते जितकं कमी, तितका तिकडून आणण्यातला फायदा कमी.

वाशिष्ठीकाठ
ते दादाशी बोलून ठरवते. पेढीवरून, आमच्या सराफांकडे भाव बांधून ठेवतात म्हणे. काही रक्कम आधी भरायची आणि वैशाखात दागिना उचलायचा. रुपया अजून घसरला तर त्यात मी वाचेन का?

पेढीवरून (रत्नागिरी)
वाचाल, पण अट नीट वाचा. काही ठिकाणी बांधलेला भाव आणि उचलण्याच्या दिवसाचा भाव यातला जो कमी तो लावतात. काही ठिकाणी बांधला तो बांधला, नंतर उतरला तरी तोच. किती टक्के रक्कम भरली की किती वजनाचा भाव बांधला जातो हेही वेगवेगळं असतं. नुसत्या तोंडी शब्दावर जाऊ नका, वजन, कॅरेट, भाव आणि तारीख पावतीवर लिहून घ्या. घडणावळ तेव्हाची की आत्ताची, तेही त्याच पावतीवर.